दोन ओळींचं उत्तर, पण पूर्ण

प्रश्न: महाप्याच्या एका कारखान्यात मी विक्री समन्वयाचं काम करते. ठाण्याहून ये-जा लोकलने, त्यामुळे ग्राहकांच्या निम्म्या मेलना उत्तरं गाडीतून, फोनवरून जातात. मागच्या मंगळवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या आमच्या जुन्या ग्राहकाचा मेल आला: 'मॅडम, ऑर्डर ४५१ चे ६०० गॅस्केट गुरुवारपर्यंत मिळतील का? टेस्ट सर्टिफिकेट सोबत हवं. मागच्या बिलावर आमचा जीएसटी नंबर चुकला होता, दुरुस्त बिल अजून आलेलं नाही.' मी पाच मिनिटांत उत्तर दिलं: 'ओके. उद्या होईल.' त्यावर त्यांच्या परचेस मॅनेजरनी आमच्या साहेबांना फोन करून विचारलं, 'तुमच्या मॅडमना आमचं काम जड झालंय का?' मला फार लागलं. लगेच उत्तर देऊनही असं ऐकावं लागत असेल तर करायचं काय? उभ्याने, एका हाताने लांब मेल लिहिता येत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: त्या मेलमध्ये तीन गोष्टी होत्या: एक प्रश्न, एक मागणी आणि एक तक्रार. 'उद्या होईल' हे यातल्या नेमकं कशाला उद्देशून आहे, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. माल उद्या निघेल, की उद्या पोहोचेल? की उद्या फक्त बिल येईल? परचेस मॅनेजरला स्वतःपुरता अंदाज बांधून चालत नाही. त्यांना आपल्या प्रॉडक्शनवाल्यांना पक्का दिवस सांगायचा असतो, कारण गॅस्केट आले नाहीत तर पुढची जोडणी अडते. तुमचं उत्तर हातात असूनही त्यांना तो दिवस सांगता आला नाही. म्हणजे पुन्हा विचारण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं, आणि आपण विचारलेलं यांनी नीट वाचलंही नाही, असं वाटायला ते पुरेसं होतं.

त्याहून जास्त खुपलं असेल ते तक्रारीला मिळालेलं 'ओके'. बिलावर ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकला की ते बिल त्यांच्या खात्यात दिसतच नाही, आणि त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना घेता येत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायची मुदत ११ तारखेपर्यंत असते. तुमच्याकडून दुरुस्ती त्यात गेली तर ग्राहकाच्या १४ तारखेच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे क्रेडिट मिळणाऱ्या बिलांच्या यादीत, ते बिल येतं, नाहीतर पैसे आणखी महिनाभर अडकतात. ज्याचे पैसे तुमच्या चुकीमुळे अडकलेत, त्याला 'ओके' म्हणजे 'बरं, मग?' असंच ऐकू येतं. तुमच्या मनात तसं काहीही नव्हतं, पण तुमचा सूर त्या अक्षरांबरोबर पोहोचत नाही.

तेव्हा लांब लिहायची गरज नाही. उत्तर वाचून झाल्यावर समोरच्याला काहीही पुन्हा विचारावं लागू नये, एवढंच साधायचं आहे. ते साधलं तर दोन ओळींचं उत्तर कुणालाही उद्धट वाटत नाही. उलट कामात बुडालेल्या माणसाला तेच आवडतं.

आता फोनवर हे का बिघडतं ते पाहू, कारण तुम्ही निष्काळजी आहात असं आम्हाला वाटत नाही. कॉम्प्युटरवर उत्तर लिहिताना ग्राहकाचा मेल बहुधा डोळ्यांसमोर असतो. फोनवर Reply दाबलं की कीबोर्ड वर येतो, निम्मा पडदा खातो आणि मूळ मेल दिसेनासा होतो. मग आपण उत्तर देतो ते मेलला नाही, मेलच्या आठवणीला. आठवणीत साधारणपणे शेवटची ओळ किंवा सगळ्यांत मोठी गोष्ट उरते, मधली मागणी गळून पडते. तुमच्या बाबतीत टेस्ट सर्टिफिकेटचं नेमकं हेच झालं.

यावर उपाय Reply दाबायच्या आधी करायचा. मेल वाचताना समोरच्याला काय काय हवं आहे ते बोटांवर मोजा. प्रश्नचिन्ह असेल तिथेच प्रश्न असतो असं नाही. 'अजून आलेलं नाही' हाही प्रश्नच आहे, 'कधी येणार?' असा. या मेलला तीन बोटं. मग त्याच क्रमाने उत्तर टाइप करा आणि पाठवण्याआधी बोटं पुन्हा मोजा. जीमेलमध्ये उत्तराच्या चौकटीखाली तीन ठिपके असतात. ते दाबले की मूळ मेल खाली उघडतो, एकदा वर-खाली सरकवून पडताळता येतं. पाचपेक्षा जास्त बोटं लागली तर तो मेल गाडीतून उत्तर द्यायचा नाही, असं ठरवून टाका.

तुमच्याच मेलचं उत्तर मग असं होईल. मंगळवार ५ तारीख होती असं धरू:

> नमस्कार साहेब, ऑर्डर ४५१ चे ६०० गॅस्केट बुधवारी (६) संध्याकाळी निघतील, गुरुवारी (७) दुपारी १२ च्या आत तुमच्याकडे पोहोचतील. टेस्ट सर्टिफिकेट मालासोबत येईल, मेलवरही पाठवते.
> बिलावरची चूक आमची. दुरुस्त बिल आज ४ वाजेपर्यंत मिळेल, आणि या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती जाईल.

चारच वाक्यं आहेत. 'आपला मेल मिळाला, त्याबद्दल आभारी आहे', 'आपल्या सहकार्याची अपेक्षा' असलं एकही वाक्य त्यात नाही, आणि तरी ते आपुलकीने लिहिलंय असं वाटतं. कारण ६००, ४५१, गुरुवार हे ग्राहकाचेच शब्द आणि आकडे परत आले आहेत. आपलं वाचलं गेलं, याची याहून चांगली खूण नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीला वार आणि वेळ आहे. तिसरं, चूक कबूल करताना 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा छापील सूर नाही. 'चूक आमची' हे दोनच शब्द आहेत आणि लगेच दुरुस्तीची वेळ आहे. जीएसटीआर-१ बद्दलचा तुकडा मात्र तुमच्या अकाउंट्सना विचारल्याशिवाय लिहू नका, कारण ते वचन तुमच्या हातातलं नाही.

पहिली ओळ कुठून सुरू होते तेही बघा. तुमचे ग्राहकही मेल फोनवरच बघतात. नोटिफिकेशनमध्ये किंवा इनबॉक्सच्या यादीत त्यांना मेलची सुरुवातीची एक-दोन ओळ तेवढी दिसते. म्हणून 'नमस्कार साहेब' नंतर ओळ न सोडता लगेच माल कधी मिळणार ते लिहिलं. मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला मेल न उघडताच उत्तर मिळतं. सकाळी पहिल्या मेलला 'नमस्कार' हवंच. त्याच दिवशी त्याच विषयावर चार मेल झाले, तर पुढच्यांत ते गाळलं तरी कुणाला वावगं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, गाडीत असताना माल बुधवारी निघेल हे मला कुठे माहीत असतं? खरं आहे, आणि 'ओके, होईल' अशी उत्तरं बहुतेक वेळा यातूनच जन्मतात. माहिती नसते, पण उत्तर न देणंही बरं वाटत नाही. अशा वेळी जे माहीत आहे ते पक्कं सांगा आणि जे नाही त्याला वेळ द्या:

> नमस्कार साहेब, ६०० गॅस्केट गुरुवारपर्यंत हवेत आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट, हे लक्षात आलं. डिस्पॅचला विचारून ११ वाजेपर्यंत नक्की वेळ कळवते. बिलावरची चूक आमची. दुरुस्त बिल कधी मिळेल तेही त्याच मेलमध्ये सांगते.

हे उत्तर एका हाताने टाइप होतं आणि ११ पर्यंत समोरचा निर्धास्त राहतो. पण यात एक धोका आहे: ११ वाजले आणि तुम्ही विसरलात तर हे उत्तर 'ओके'पेक्षाही वाईट ठरतं, कारण आता शब्द देऊन मोडल्यासारखं होतं. म्हणून मेल पाठवल्या पाठवल्या, गाडीतच, तो साडेदहाला पुन्हा समोर येईल अशी सोय करा. जीमेलच्या ॲपमध्ये मेल उघडून वरचे तीन ठिपके दाबले की Snooze मिळतं, तिथे वेळ टाकायची. वेळ सांगतानाही स्वतःला थोडी जागा ठेवा. ऑफिसला पोहोचायला साडेनऊ होत असतील तर '१० पर्यंत' लिहू नका. कोपरखैरण्याला उतरून महाप्याची रिक्षा मिळायला कधी वेळ लागतो, डिस्पॅचचा माणूस जागेवर नसतो. ११ लिहून पावणेअकराला कळवलं तर चांगलं दिसतं. १० लिहून सव्वादहाला कळवलं, तर काम तेवढंच होऊनही उशीरच दिसतो.

फोनवर 'होईल', 'होऊन जाईल', 'बघते', 'सांगते' हे शब्द बोटांतून आपोआप बाहेर पडतात. समोरासमोर बोलताना ते पुरतात, कारण चेहरा आणि आवाज सोबत असतो. मेलमध्ये 'होऊन जाईल' म्हटलं की कोण करणार ते गायब होतं, 'बघते' म्हटलं की कधी ते गायब होतं. आपल्याकडे धंद्यात 'बघतो' हा सभ्य नकारही असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जुना ग्राहक 'बघते' वाचून 'हे काही होत नाही' असाही अर्थ काढू शकतो. म्हणून हे शब्द टाळायचे असं नाही, त्यांना कर्ता आणि वेळ जोडायची. 'बघते' ऐवजी 'स्टोअरला विचारून दुपारी २ पर्यंत सांगते'. 'होऊन जाईल' ऐवजी 'आमचा ड्रायव्हर उद्या सकाळी घेऊन निघेल'.

'उद्या' हा शब्दही एकटा सोडू नका. तुम्ही रात्री पावणेबाराला 'उद्या' लिहिलं आणि त्यांनी सकाळी वाचलं, तर तुमचा उद्या त्यांच्यासाठी आज असतो. 'उद्या, बुधवारी' लिहायला चार अक्षरं जास्त लागतात आणि गोंधळ मिटतो. हीच गोष्ट 'ते', 'त्याचं', 'वरचं' या शब्दांची. 'ते पाठवलंय' यातलं 'ते' म्हणजे सर्टिफिकेट की बिल?

तुम्हाला ग्राहकाकडून काही हवं असतं तेव्हा सूर वेगळ्या ठिकाणी बिघडतो. 'पीओ पाठवा', 'पत्ता पाठवा' हे व्याकरणाने आदरार्थीच आहे, तरी एका ओळीत एकटं आलं की हुकूम वाटतो. त्यावर 'कृपया' चिकटवून फारसा फरक पडत नाही. 'कृपया पीओ पाठवा' हे फलाटावरच्या सूचनेसारखं वाचलं जातं. त्याऐवजी क्रियापद सैल करा आणि कारण द्या: 'पीओची सही झालेली प्रत आज पाठवाल का? ती आली की डिस्पॅचला लगेच देता येईल.' कारण दिलं की मागणी त्यांच्याच कामाची होते. 'तेवढा पत्ता पाठवाल का' मधला 'तेवढा' छोटा आहे, पण बोलल्यासारखा ऊबदार आहे. रोजच्या ग्राहकाशी तो चालतो. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या मोठ्या कंपनीच्या माणसाला 'पाठवू शकाल का' बरं. आणि एका मेलमध्ये 'आपण', पुढच्यात 'तुम्ही' असं करू नका. समोरचा ज्या शब्दाने लिहितो त्याच्या पातळीला राहा.

विरामचिन्हांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना एकशब्दी उत्तरांचे संदेश वाचायला दिले. त्याच उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते कमी मनापासून दिल्यासारखं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र असा फरक दिसला नाही. तुमच्या 'ओके.' मध्ये तो पूर्णविराम होता. यातून पूर्णविराम सोडायचे असा अर्थ घेऊ नका. पूर्ण वाक्यांच्या मेलमध्ये ते हवेतच. एकाच शब्दाचं उत्तर टाळा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. 'ओके...' मधले ठिपके नाराजीने हो म्हटल्यासारखे वाटतात. '??' हे दटावल्यासारखं वाटतं, मग ते अंगठा चुकून दोनदा पडल्यामुळे आलेलं का असेना.

'ओके'बद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सुरापेक्षा गंभीर आहे. तुम्ही 'ओके' लिहिता ते 'वाचलं' या अर्थाने, आणि समोरचा धरतो 'मान्य'. समजा ग्राहकाने लिहिलं, 'पुढची ऑर्डर ३ टक्के कमी दराने धरा' आणि तुम्ही गाडीतून 'ओके' पाठवलं. आपल्याकडे ई-मेलवर झालेला करार ग्राह्य असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये तशी तरतूद आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या प्रकरणात, बॉक्साइटच्या ५ खेपांचा सौदा ई-मेलवर पक्का झाला म्हणजे करार झाला, असाच निर्णय दिला. सहीचा रीतसर कागद तेव्हा झालेला नव्हता. कॅनडातल्या सास्कॅचेवन प्रांतात २०२३ मध्ये तर नुसत्या अंगठ्याच्या इमोजीवर निकाल लागला. धान्य खरेदी करणाऱ्याने कराराचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने अंगठा पाठवला, आणि जवस न दिल्याबद्दल त्याला ८२ हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं गेलं. ते कॅनडातलं आहे, इथे लागू नाही. पण वाचणारा अंगठ्याला होकार धरतो, हे तिथेही तसंच आहे आणि वागळे इस्टेटमध्येही.

म्हणून दर, मुदत, परतावा, दंड यांतलं काही मेलमध्ये असेल तर 'ओके', 'नोटेड' आणि अंगठा तिन्ही बंद. त्याऐवजी: 'दराचं वाचलं. साहेबांशी बोलून बुधवारी दुपारपर्यंत कळवते, तोवर जुनाच दर धरावा.' आणि खरंच मान्य असेल तर काय मान्य ते लिहा: 'गुरुवारऐवजी शुक्रवारी माल, हे चालेल.'

पाठवण्याआधी मेल पूर्ण वाचायला गाडीत जमत नसेल तर चार जागा तरी वाचा: आकडे, वार-तारीख, ज्याला पाठवताय त्याचं नाव, आणि 'नाही' किंवा 'not' असलेलं वाक्य. अर्थ उलटा होतो तो याच ठिकाणी. इंग्रजीत लिहिताना 'now' चं 'not' होणं ही एका अक्षराची चूक आहे. 'We will now dispatch' चं 'We will not dispatch' झालं तर स्पेलिंग तपासणाऱ्याला ते दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. असं वाक्य फोनवरून लिहूच नका. 'Dispatch is on Wednesday' लिहिलं की 'now'ची गरजच उरत नाही. ऑर्डर नंबर, जीएसटी नंबर, गाडीचा नंबर कधी हाताने टाइप करू नका. मूळ मेलमधून बोट दाबून ठेवून कॉपी करा आणि चिकटवा. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो. तो गाडीत डोळ्याने तपासून होत नाही, आणि तुमच्या प्रकरणात तर आधीच एकदा चुकलेला आहे.

नाव आणि प्रती पाठवलेल्यांची यादीही तिथेच बघा. ग्राहकाने आपल्या अकाउंट्सना सीसी केलं असेल आणि तुम्ही नुसतं Reply दाबलं, तर दुरुस्त बिलाची बातमी ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न दुसऱ्या माणसाकडून येतो. अशा मेलला Reply all. जीमेलमध्ये पाठवल्यावर खाली Undo काही सेकंदच दिसतं. तेवढ्यात चूक दिसली तर दिसली. आणि गाडीत नेटवर्क गेलेलं असेल तर मेल Outbox मध्ये पडून राहतो, तेव्हा ठाण्याला किंवा कोपरखैरण्याला उतरल्यावर तिथे एकदा नजर टाका.

मेलच्या खाली आपोआप उमटणारी 'Sent from my iPhone' सारखी ओळ असेल तर ती काढा. ती वाचून कुणी सूट देत नाही, फक्त तुम्ही घाईत होता एवढं कळतं. त्या जागी नाव, हुद्दा, कंपनी आणि थेट फोन नंबर अशा तीन ओळी ठेवा. कॉम्प्युटरवर सही लावलेली असली तरी फोनच्या ॲपमध्ये ती वेगळी लावावी लागू शकते, म्हणून एकदा स्वतःलाच फोनवरून मेल पाठवून बघा. अँड्रॉइडवर जीमेल ॲपच्या Settings मध्ये तुमचं खातं निवडून Mobile Signature. आयफोनच्या Mail ॲपसाठी फोनच्या Settings मध्ये Apps, त्यात Mail, मग Signature.

टायपिंग वाचवायचं असेल तर नेहमीच्या तुकड्यांना छोटी खूण द्या. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, मग Personal dictionary, तिथे पूर्ण वाक्य आणि त्याची खूण भरायची. आयफोनवर General मधल्या Keyboard मध्ये Text Replacement. 'nms' टाइप केलं की 'नमस्कार साहेब,' आणि 'dsp' केलं की 'डिस्पॅचला विचारून' असं येतं. खूण कुठल्याही खऱ्या शब्दासारखी नको, नाहीतर भलत्याच जागी वाक्य उमटेल. पूर्ण उत्तर मात्र असं साठवू नका. तेच तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचलं की ग्राहकाला ते ओळखू येतं, आणि मग तुम्ही लिहिलेलं खरं वाक्यही त्याला साठवलेलंच वाटतं.

काही मेल गाडीतून द्यायचेच नाहीत. माल उशिरा जाणार, दर वाढणार, परत आलेला माल घेणार नाही, अशी वाईट बातमी असेल तर फोनवरून एवढंच लिहा: 'तुमचा मेल पाहिला. यावर बोलायला हवं, साडेअकराला फोन करू का?' मग बसून बोला, आणि बोलणं झाल्यावर जे ठरलं ते दोन ओळींत मेल करा. नकार दोन ओळींत बसवला की तो कितीही नम्र असला तरी तोंडावर दार लावल्यासारखा वाटतो. तिथे आखूडपणाची मर्यादा येते.

आता राहिले तुमचे वागळेचे ग्राहक. त्यांना स्पष्टीकरणाचा मेल लिहू नका. लोकल, गर्दी, एक हात हे सगळं खरं आहे, पण त्यात त्यांचा काही दोष नाही, आणि साहेबांपर्यंत गेलेल्या गोष्टीला मेलने उत्तर दिलं की ती आणखी रेंगाळते. दुरुस्त बिल अजून गेलं नसेल तर आधी ते अकाउंट्सकडून घ्या, जीएसटी नंबर त्यांच्या जुन्या पीओशी ताडून पाहा, आणि बिल पाठवून मग फोन करा. 'साहेब, दुरुस्त बिल आत्ता पाठवलंय, नंबर पीओशी जुळवून घेतलाय. माझं त्या दिवशीचं उत्तर अपुरं होतं, पुढे असं होणार नाही' एवढं बोला आणि तिथेच ठरवा, की तातडीचं असेल तेव्हा त्यांनी विषयाच्या ओळीत 'आज हवं' असं लिहावं. म्हणजे कुठल्या मेलला गाडीतूनच उत्तर हवं आणि कुठल्याला टेबलावर बसून चालेल, हे तुम्हालाही विषय वाचूनच कळेल.